ओळ सुरापुढे की सुरामागे?

एलआरसी फाइल म्हणजे गाणं वाजताना त्याच्या ओळी वेळेवर पडद्यावर आणणारी साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळीआधी चौकटी कंसात मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग लिहायचे, बस्स. कसोटी पुढे असते. मी पहिल्यांदा एक गाणं बसवलं तेव्हा गाणं लावून ओळ ऐकू आली की कळ दाबत गेलो, आणि तयार फाइल लावली तर प्रत्येक ओळ गायकाच्या मागून धावतेय!

चूक माझ्या कानाची नव्हती, बोटाची होती. ऐकणं आणि कळ दाबणं यात थोडा वेळ जातोच. ध्वनीची लहर पडद्यावर मोठी करून पाहिली. पहिल्या ओळीचा आवाज सुरू होत होता 18.14 सेकंदांना, माझी खूण होती 18.42 ला. दुसरी ओळ 23.11, खूण 23.40. उशीर जवळपास सारखाच, म्हणून एकेक ओळ दुरुस्त करायची गरज नाही. फाइलच्या वर offset ची एक ओळ पुरते.

```
[offset:+280]
[00:18.42]ढग उतरले दारापाशी
[00:23.40]वाट भिजूनी गेली
[00:28.05]
[00:41.30][01:52.60]ये रे परतून पावसा
```

हा आकडा हजारांश सेकंदांत असतो. अधिक चिन्ह ओळी लवकर आणतं, उणे उशिरा. बरेच जण इथे उलटं समजतात. शिवाय काही प्लेअर ही ओळ वाचतच नाहीत, त्यामुळे शेवटी मी सगळ्या वेळांतूनच 0.28 वजा करून टाकतो. आणि ती रिकामी ओळ पाहिलीत? संगीताचा तुकडा सुरू झाला की तिने पडदा मोकळा होतो. नाहीतर संपलेली ओळ तिथेच ठाण मांडून बसते. ध्रुवपद परत येतं तिथे एकाच ओळीला दोन वेळा जोडता येतात.

आता खरी गोम. समजा, ओळी वेळेआधीच यायला लागल्या: पहिल्या मिनिटाला 0.3 सेकंद आधी, चौथ्या मिनिटाला 1.2 सेकंद आधी. हा उशीर-लवकरचा सरसकट हिशेब नाही, कारण फरक वाढतोय. 0.3 भागिले 60 म्हणजे अर्धा टक्का: तुमची ध्वनिफीत किंचित संथ चालतेय. मग प्रत्येक वेळ 1.005 ने गुणायची. 240 सेकंदांची खूण 241.2 होते आणि ओळ जागेवर बसते. पण मधल्या संगीतापर्यंत सगळं ठीक आणि त्यानंतर अचानक चार सेकंदांची तफावत, असं झालं तर गुणाकार करू नका. ती गाण्याची वेगळी आवृत्ती आहे, कुणीतरी तुकडा लांबवलाय किंवा कापलाय. त्या जागेपुढच्याच ओळी सरकवा.

म्हणून तपासताना मी फक्त सुरुवात ऐकत नाही. पहिलं कडवं, मधलं संगीत संपल्यावरची पहिली ओळ आणि अगदी शेवटची ओळ, एवढ्या तीन जागा ऐकतो.