देवराईची जमीन झाडू नका

नमस्कार श्रोतेहो. आज ग्रामपंचायतीच्या सरपंचांपुढे, सदस्यांपुढे आणि तुम्हा सर्वांपुढे युवक मंडळाच्या वतीने देवराईचं एक गाऱ्हाणं मांडायचं आहे. आपल्या कोकणात देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायला आजही माणूस धजत नाही. तरीही कित्येक राया विरळ होत चालल्या आहेत, कारण त्यांची नवी पिढीच उगवत नाही.

जत्रेच्या आधी देवळाभोवतीचा पातेरा झाडून जाळला जातो, भाजावळीसाठी टोपल्या भरून नेला जातो. स्वच्छतेच्या चांगल्या हेतूनेच हे घडतं. पण रायीतल्या पुष्कळ झाडांचं बी वाळलं की मरतं. त्याला ओल धरणारा कुजका पाला लागतो, वरून दाट सावली लागते. पातेरा गेला की उघडी जमीन तापते, घट्ट होते, पावसाचं पाणी मुरायचं सोडून वाहून जातं. मग जीर्णोद्धारात सभामंडप वाढतो, अंगण सिमेंटचं होतं, गाडीसाठी वाट रुंद होते. वरचं छत उघडलं की उन्हासोबत रानमोडी आणि घाणेरी आत शिरते. त्यांच्या गचपणात बेहड्याचं किंवा बकुळीचं रोप तग धरत नाही.

दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावच्या रायीत रानजायफळाची दलदल आहे. त्या झाडांची काही मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर येऊन श्वास घेतात, आणि बी ओलाव्यातच रुजतं. तिथे कोणी एकही झाड न तोडता वरच्या अंगाला पाइप टाकून झऱ्याचं पाणी वळवलं, तरी दलदल आटेल आणि झाडं मरतील. राखायचं ते झाडासकट त्याचं पाणी. ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे, आणि ती अडीच हेक्टरांच्या आसपासच आहे. म्हणजे आपली राई लहान आहे, हे तिला वारसा स्थळ करायला हरकतीचं कारण होऊ शकत नाही.

पोकळ झाडांबद्दलही बोलायला हवं. ढोलीचं झाड धोक्याचं ठरवून पाडण्याची घाई होते. पण धनेशाची मादी अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि अंडी उबवते. नर बाहेरून उंबर-वडाची फळं भरवत राहतो. त्या महिन्यांत झाड पाडलं तर मादी आणि पिल्लं, दोन्ही जातात. शिवाय रायीतल्या मोठ्या फळांचं बी दूरवर नेणारा हाच पक्षी. वाटेवर वाकलेली सुकी फांदी जरूर उतरवावी, बुंधा मात्र उभा ठेवावा.

आपल्या रायीची प्रकृती कळायला मोजणी सोपी आहे. तेहतीस फूट लांब-रुंद, म्हणजे एक गुंठ्याचा चौकोन दोरीने आखायचा. एक देवळाजवळ, एक काठावर, दोन आत खोलवर. प्रत्येकात गुडघ्याखालची रोपं, माणसाच्या उंचीपर्यंतची आणि त्याहून मोठी झाडं जातवार मोजायची. मोठ्या झाडांचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा. पावसाळ्यात रोपं भरपूर दिसली म्हणून समाधान मानू नये, कारण खरी परीक्षा उन्हाळ्याची. सप्टेंबरात मोजलेले चौकोन मेअखेरीस पुन्हा मोजायचे. मोठे वृक्ष आहेत, खाली रोपंही आहेत, पण मधली उंची रिकामी असेल, तर चराई, आग किंवा झाडलोट यांपैकी काय नडतंय ते त्याच चौकोनात सापडतं.

ग्रामपंचायतीकडे मागणं असं. पहिल्यांदा भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून रायीची हद्द दगडांनी कायम करावी. सातबाऱ्यावर मालक कोण, सरकार, देवस्थान की खासगी, हे पाहावं, कारण पुढची परवानगी त्यावर ठरते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती नुसती कागदावर असेल तर बैठक लावावी आणि लोक जैवविविधता नोंदवहीत रायीतली झाडं, वेली, झरे मानकऱ्यांच्या व वैदूंच्या सांगण्यावरून लिहून घ्यावेत.

वारसा स्थळ झालं की देवाची वाट बंद होईल, ही भीती अनेकांना वाटते. त्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गावाने स्वतः ठरवलेल्या बंधनांपलीकडे चालत आलेल्या वहिवाटीवर बंदी येत नाही. पूजा, जत्रा, गाऱ्हाणी चालूच राहतील.

ठरावात मात्र नेमकं लिहा: देवळाच्या अंगणाबाहेर पातेरा उचलायचा नाही, जाळायचा नाही. नवं बांधकाम जुन्या जोत्याबाहेर नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला पाइप नाही. वृक्षारोपणाच्या नावाखाली गुलमोहर, सुबाभूळ, गिरीपुष्प रायीत नको. मोकळ्या झालेल्या जागी त्याच रायीतलं बी टाकायचं, आणि रानमोडी फुलण्याआधीच मुळासकट उपटायची. हा मसुदा १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. सप्टेंबरातल्या मोजणीसाठी दोरी, टेप आणि माणसं युवक मंडळ देईल.