मामा आलेत, पण वहीत नाव नाही

नमस्कार श्रोतेहो. गणपती जवळ आले की शाडूच्या मूर्ती करायच्या कार्यशाळा भरतात. आमच्या सोसायटीतही मुलांसाठी भरते, आणि मुलांच्या ये-जा नोंदवायची दारावरची वही माझ्याकडे असते. आज त्या वहीबद्दल बोलते.

संध्याकाळचं निम्मं काम सकाळीच उरकावं लागतं. मुलाचं नाव, आल्याची वेळ, पालकांचा फोन आणि शेवटचा रकाना, "न्यायला कोण येणार?" तिथे नुसतं "घरचे" लिहिलेलं मी चालवून घेत नाही, पूर्ण नाव लागतं. मग पालकांना क्रमांकाची चिठ्ठी द्यायची आणि तोच क्रमांक मुलाला लावायचा. पहिल्या वर्षी मनगटाला कागदी पट्टी बांधली, तर तासाभरात ओल्या मातीनं तिचा लगदा झाला. आता कापडी चिकटपट्टीवर मार्करनं क्रमांक लिहून पाठीवर लावतो. छातीवर नावाचा बिल्ला मुद्दाम लावत नाही. तो वाचून कुणीही परका मुलाला नावानं हाक मारू शकतो. निघायच्या वेळीही आम्ही क्रमांकच पुकारतो.

गेल्या वर्षी पाच वाजता एक गृहस्थ आले. "मी चौदा नंबरचा मामा. ताई ऑफिसात अडकली आहे." चिठ्ठी नव्हती, वहीत आई आणि आजी एवढीच नावं. मुलगा आतून "मामा!" म्हणून ओरडलासुद्धा. पण मूल माणूस ओळखतं, त्याला न्यायची परवानगी त्या माणसाला आहे की नाही, हे त्याला कसं कळणार? आईवडील वेगळे राहत असतील, तर घरातलंच माणूस परवानगीशिवाय न्यायला येऊ शकतं.

त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून ताईला फोन लावून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. पलीकडे कोण बोलतंय, मला काय ठाऊक? वहीतल्या नंबरावर मी आईला फोन केला, तिनं उचलला नाही. आजीला केला. "आज न्यायला मामा येणार आहेत का?" असं विचारलं नाही, कारण त्यावर माणूस सहज "हो" म्हणून जातो. "आज न्यायला कोण येणार आहे?" एवढंच विचारलं. आजींनी नाव सांगितलं, ते मामांच्या लायसन्सवरच्या नावाशी जुळलं, फोटोही पाहिला. लायसन्सची झेरॉक्स किंवा फोटो आम्ही ठेवत नाही. वहीत नाव, वेळ, कुणाला फोन केला ते लिहून त्यांची सही घेतली.

यात बारा मिनिटं गेली. मामा चिडले, मागे रांग लागली. म्हणूनच आता दारावर दोघं असतात. एक चिठ्ठ्या जुळवून मुलं सोडतो, दुसरा अशी अडलेली माणसं बाजूला घेऊन बसतो. मूल मात्र सही होईपर्यंत आतच, बादलीपाशी हात धूत.

सभागृहाला कुलूप लावण्याआधी आलेली नावं आणि गेलेल्यांच्या सह्या मोजतो. त्या दिवशी सव्वीस आणि सव्वीस भरल्या. नमस्कार.