गिव्हअवेचं कॅप्शन: जे तपासता येत नाही, ते अट म्हणून लिहू नका

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "ताई, गिव्हअवे ठेवायचाय, कॅप्शन कसं लिहू?" आणि त्याबरोबर कुणाचं तरी कॅप्शन जसंच्या तसं चिकटवलेलं. लाइक करा, सेव्ह करा, स्टोरीला टाका, तीन मित्रांना टॅग करा, फॉलो करा, विजेता लवकरच जाहीर! ते कॅप्शन उचलू नका. का, ते सांगते.

सोप्या गोष्टी आधी. बक्षीस काय आहे ते पहिल्याच ओळीत यायला हवं, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी' दाबल्यावर. इंस्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, ती पुरून उरते. बक्षिसाचा फोटो खऱ्या बक्षिसाचाच हवा. झालं.

आता खरा मुद्दा, सहभागाच्या अटी. माझा नियम एकच आहे: जी अट तुम्हाला तपासता येत नाही, ती लिहायची नाही.

'सेव्ह करा' ही अट बघा. पोस्ट किती जणांनी सेव्ह केली तो आकडा तुम्हाला दिसतो, पण कुणी केली ते दिसत नाही. मग चिठ्ठीत नाव निघालेल्या माणसाने सेव्ह केलं होतं की नाही, हे ठरवणार कसं? 'स्टोरीला शेअर करा' याचंही तेच. समोरच्याचं अकाउंट प्रायव्हेट असेल आणि तुम्ही त्याला फॉलो करत नसाल, तर ती स्टोरी तुम्हाला दिसतच नाही. शिवाय स्टोरी २४ तासांनी जाते आणि गिव्हअवे आठवडाभर चालतो. पहिल्या दिवशी स्टोरी टाकणाऱ्याचा पुरावा शेवटच्या दिवशी कुठून आणणार?

हेच आता भाग घेणाऱ्याच्या बाजूने बघा. माझी एक मैत्रीण अशाच एका गिव्हअवेत जिंकली होती. नाव जाहीर झालं, आणि मग तिला सांगितलं गेलं की तुमची स्टोरी आम्हाला दिसली नाही, म्हणून बक्षीस दुसऱ्याला देतोय. तिचं अकाउंट प्रायव्हेट होतं. स्टोरी टाकली होती, मी स्वतः बघितली होती. तिने सगळं केलं आणि तिच्या हातात काही आलं नाही. मला अजूनही याचा राग येतो, कारण ती अट लिहितानाच कळायला हवं होतं की ती तपासता येणार नाही.

तिसरी बाजू प्लॅटफॉर्मची. फेसबुकच्या नियमांत स्पष्ट आहे: वैयक्तिक टाइमलाइन आणि मित्रांचं जाळं स्पर्धा चालवायला वापरायचं नाही. म्हणजे 'टाइमलाइनवर शेअर करा आणि भाग घ्या' किंवा 'मित्रांना टॅग करा आणि भाग घ्या' ही वाक्यं तिथे चालतच नाहीत. इंस्टाग्रामच्या नियमात भर वेगळ्या गोष्टीवर आहे: फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत टॅग करायला सांगू नका. कमेंटमध्ये नाव घेणं वेगळं आणि फोटोवर टॅग लावणं वेगळं. बरेच जण इंस्टाग्रामवर पोस्ट टाकताना 'फेसबुकवरही टाका' हे बटण चालू ठेवतात. तेच कॅप्शन तसंच्या तसं फेसबुकवर जातं आणि तिथला नियम मोडतो. गिव्हअवेच्या पोस्टला ते बटण बंद ठेवा, फेसबुकसाठी वेगळं कॅप्शन लिहा.

एकाने विचारलंय, "मग पोहोच कशी वाढणार?" प्रश्न रास्त आहे. पण कमेंटसुद्धा पोस्टला हातभार लावते, आणि कमेंट तुम्हाला दिसते, मोजता येते, कुणाची आहे ते कळतं. म्हणून दोनच पायऱ्या ठेवा: फॉलो करा आणि एका प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये लिहा. पैसे भरून किंवा काही विकत घेऊन भाग घ्यायला मात्र सांगू नका. पैसे, नशीब आणि बक्षीस हे तिन्ही एकत्र आलं की पुष्कळ देशांत ती लॉटरी ठरते आणि तिचे कायदे वेगळे असतात.

एक उदाहरण घेऊ. जलरंगांचा २४ रंगांचा संच द्यायचाय. मी असं लिहीन:

"२४ जलरंगांचा नवा संच एका जणाला भेट!
भाग कसा घ्यायचा: १) हे अकाउंट फॉलो करा. २) तुम्हाला सर्वांत आधी काय रंगवायचंय, ते कमेंटमध्ये लिहा.
एका व्यक्तीची एकच कमेंट धरली जाईल. वय १८ पूर्ण हवं. पार्सल फक्त (देशाचं नाव) इथे पाठवता येईल.
मुदत: रविवार, १५ मार्च २०२६, रात्री ११:५९ (प्रमाणवेळेचं नाव).
निवड: वैध कमेंटमधून सोडत काढून. निकाल बुधवार, १८ मार्च रोजी याच पोस्टच्या कमेंटमध्ये. विजेत्याने ४८ तासांत उत्तर दिलं नाही, तर पुन्हा सोडत काढू.
आम्ही फक्त याच अकाउंटवरून संपर्क करतो. पैसे, ओटीपी किंवा कार्डचे तपशील कधीही मागत नाही.
या गिव्हअवेचं प्रायोजन, समर्थन किंवा आयोजन इंस्टाग्रामने केलेलं नाही आणि त्याचा इंस्टाग्रामशी संबंध नाही. भाग घेताना तुम्ही इंस्टाग्रामला या गिव्हअवेबाबतच्या सर्व जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त करता."

शेवटची दोन वाक्यं नीट बघा. संबंध नाही, हे बहुतेक जण लिहितात. जबाबदारीतून मुक्त करतो, हे दुसरं वाक्य राहून जातं. इंस्टाग्रामच्या नियमात दोन्ही मागितलेली आहेत.

मुदतीत '१५ तारखेला रात्री १२' असं लिहू नका. १४ संपून १५ लागते ते बारा, की १५ संपते ते बारा? लोक दोन्ही अर्थ घेतात आणि वाद तुमच्या कमेंटमध्ये होतो. ११:५९ लिहिलं की वार, तारीख, वेळ सगळं एकाच जागी बसतं.

निवडीतही दोन पद्धती मिसळू नका. 'सर्वांत छान कमेंट सोडतीने निवडू' असं मी वाचलंय. सोडत असेल तर उत्तर कसंही असो, संधी सारखीच. परीक्षण असेल तर कोण बघणार आणि कशावरून ठरवणार, ते लिहा. सोडत काढताना मुदत संपल्यावर लगेच कमेंट करणाऱ्यांची यादी करा, स्पॅम म्हणून लपवल्या गेलेल्या कमेंटही उघडून बघा, एकाच माणसाची दोनदा आलेली नावं काढा, क्रमांक द्या आणि मग यादृच्छिक आकडा काढा. आकडा निघाला की तो माणूस फॉलो करतो का, ते बघा. नसेल तर पुढचा आकडा. हे सगळं स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. कुणी विचारलं तर दाखवता येतं.

"विजेता उत्तरच देत नाही" अशीही एक कमेंट होती. तुम्ही त्याला पाठवलेला मेसेज कधीकधी त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून आधी त्याच्या कमेंटखालीच उत्तर द्या, मेसेज तपासायला सांगा, आणि ४८ तास त्या उत्तरापासून मोजा.