शांत सत्रात समोर कोण बसलंय?

मागच्या तासाला तुमच्यापैकी एकीने विचारलं होतं, "बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचा रुग्ण चिडला तर किमान कळतं तरी, पण तो अचानक शहाण्यासारखा वागायला लागला तर?" आज तेवढंच घेऊ, स्कीमा थेरपीच्या नजरेतून. मनाच्या ज्या अवस्था आळीपाळीने पुढे येऊन बोलतात, त्यांना ही थेरपी 'मोड' म्हणते; निरोगी प्रौढ हा त्यातलाच एक.

एक प्रसंग धरा. तुम्ही दहा दिवसांच्या रजेवरून परतलात. समोर सव्वीस वर्षांची मुलगी. "कसे गेले दिवस?" "ठीक. कामावर गेले, झोपही बरी लागली." आवाज सपाट, उत्तरं बेतशीर. नोंदवहीत तुम्ही 'प्रगती' लिहून मोकळे होता. पण त्या तासात तुम्हाला दोनदा जांभई आली होती. मी तरी त्या जांभईवर जास्त विश्वास ठेवतो. निरोगी प्रौढ बोलत असतो तेव्हा दुःखाची गोष्टही जिवंत वाटते. इथे बोलतोय तो अलिप्त संरक्षक, म्हणजे भावना बंद करून टाकणारा मोड. त्याच रात्री तिने हातावर वार करून घेतले, तर आश्चर्य वाटायला नको.

मग करायचं काय? त्याला झिडकारायचं नाही. लहानपणी त्यानेच तिला तगवलंय. तिला दुसऱ्या खुर्चीवर बसवून त्याच्या वतीने बोलायला सांगा आणि विचारा, "तू बाजूला झालास तर काय होईल?" बहुधा उत्तर येतं, "ही रडत बसेल, आणि सगळे निघून जातील." आता दार किलकिलं झालं. जरा थांबलात तर ती हळूच म्हणते, "तुम्ही परत येणार नाही असं वाटलं." हे सोडून दिलेलं मूल.

ते बाहेर आलं की शिक्षा करणारा पालक मागोमाग येतोच: "दहा दिवसांचा काय तमाशा!" नवखे थेरपिस्ट इथे तिच्याशीच वाद घालतात, आणि तिला वाटतं आपल्यालाच रागावतायत. म्हणून तो आवाज रिकाम्या खुर्चीवर ठेवा, तिला तुमच्या बाजूला बसवा आणि खुर्चीला सुनवा: "ती घाबरली, यात तिची चूक नाही. पुरे झालं."

मर्यादित पुनर्पालकत्व सुरू होतं ते इथे. मुलाला जे मिळायला हवं होतं, ते थेरपीच्या चौकटीत बसेल तेवढं द्यायचं. पुढची रजा आधी सांगायची, तुमच्या आवाजातला छोटा निरोप रेकॉर्ड करून द्यायचा. घाई मात्र नको. नेदरलँड्सच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे काम आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं चाललं होतं.

आणि 'मर्यादित' हा शब्द गिळू नका. दया आली म्हणून "कधीही फोन कर" म्हणालात, तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही वैतागून फोन टाळाल, आणि तिच्या लेखी आणखी एक माणूस सोडून गेला. संकटात कुणाला फोन करायचा ते वेगळं ठरवून, लिहून द्या. मर्यादा सांगताना नियमांच्या आड लपू नका. "रात्री दहानंतर मी फोन घेत नाही, कारण तेव्हा मी दमलेली असते आणि तुझं नीट ऐकू शकत नाही," असं सांगा. ती चिडेल. चिडू द्या, ऐकून घ्या, पण वेळ दहाचीच ठेवा.