ढग फक्त शेवटचा बदल दाखवतो

हे बघा, साइट ऑफिसच्या टेबलावर एका स्लॅबचं ड्रॉइंग पसरलंय, खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलंय आर ३, म्हणजे रिव्हिजन ३. टॉयलेटभोवती ढगासारखी नागमोडी रेघ आहे आणि शेजारच्या त्रिकोणात ३ आकडा, म्हणजे या वेळचा बदल इथं आहे. संकन, म्हणजे टॉयलेटचा खाली घेतलेला स्लॅब, २०० मिमी होता तो २५० झालाय. साइट इंजिनिअरने शटरिंगवाल्याला बोलावून लगेच लेव्हल बदलून घेतली आणि ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं.

घोळ तिथंच झाला, कारण त्याच्याकडे आधी होतं आर १. मधलं आर २ मेलवर आलं होतं पण प्रिंट काढायची राहिली. त्या आर २ मध्ये बाल्कनीला रेलिंगऐवजी ब्लॉकची भिंत आली होती, टोकावरचं वजन वाढलं, म्हणून वरचं १० मिमी स्टील १५० ऐवजी १०० अंतरावर केलं होतं. बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते, ताण वरच्या बाजूला येतो, त्यामुळे तिथं ही वरची सळीच सगळं पेलते.

मग आर ३ वर हे दिसलं कसं नाही? बरीच ऑफिसेस नवीन रिव्हिजन काढताना जुना ढग पुसतात, नाहीतर दोन-चार रिव्हिजननंतर ड्रॉइंग वाचताच येणार नाही. बाल्कनीपाशी फक्त २ चा त्रिकोण उरला होता. आणि रिव्हिजन टेबलमध्ये ओळ होती, तारखेसकट: बाल्कनी टॉप स्टीलचं अंतर बदललं. ती कोणी वाचलीच नाही. म्हणून आपल्या हातात आधी कुठलं रिव्हिजन होतं ते बघायचं आणि तिथून पुढची टेबलमधली प्रत्येक ओळ वाचायची, फक्त ढग शोधत बसायचं नाही. (आणि ऑफिसवाल्यांनो, त्या ओळीत नुसतं 'जनरल रिव्हिजन' लिहू नका हो, साइटवरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.)

फिटर तर ड्रॉइंग बघतच नव्हता, तो बीबीएसवरून, म्हणजे सळ्यांची मापं आणि संख्या लिहिलेल्या यादीवरून, सळ्या कापत होता, आणि ती बीबीएस आर १ वरून बनलेली, वर रिव्हिजन नंबर लिहिलेलाच नाही. साडेचार मीटरच्या बाल्कनीत ४६ सळ्या हव्या होत्या, बांधलेल्या ३१.

काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी मी चेकिंगला गेलो, टेप लावला, ३०० मध्ये तीन गाळे यायला हवेत तर दोनच येत होते. नुसत्या पंधरा सळ्या घुसवून भागत नाही, एक सोडून एक सळी जागेवर राहते, बाकीच्या सोडून सरकवून परत बांधाव्या लागतात. रात्री साडेदहापर्यंत बांधणी चालली. तेव्हाच फिटरच्या शेडमध्ये आर १ ची प्रिंट सापडली, घडीवर तेलाचे डाग पडलेली. तिच्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, तारीख टाकली, आणि नवीन बीबीएसच्या डोक्यावर आधी ड्रॉइंग नंबर आणि आर ३ लिहून मगच ती फिटरच्या हातात दिली.