बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये जिवंत काय उरतं?

[दृश्य: ठाणे, नौपाडा. दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल, त्यावर उघडा कॅबिनेट. एक बोट पॉवरचं बटण दाबतं.]

बटण दाबलं की पंखा अर्धा वळसा घेतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हा संगणक जवळच्याच एका कर सल्लागार ताईंच्या ऑफिसातून आलाय. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच-६१ मदरबोर्ड, चार जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. ताईंनी नवीन मशीन घेतलंय. हे जुनं भंगारवाल्याला द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

भंगारवाला ते काट्यावर ठेवेल आणि पत्र्याच्या भावात उचलेल. पण डेस्कटॉप बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातला एखादाच भाग गेलेला असतो. तो कुठला हे कळल्याशिवाय बाकीच्यांचं काय करायचं, हे ठरवता येत नाही.

[दृश्य: एसएमपीएसचा चोवीस पिनांचा प्लग हातात. हिरव्या वायरवर कॅमेरा.]

दुकानातले दादा आधी एसएमपीएसकडे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे वळतात. मेन स्विच बंद. सगळे प्लग बोर्डावरून काढलेले. चोवीस पिनांच्या प्लगमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडून मग मेन स्विच लावला की बोर्डाशिवायही एसएमपीएस चालू होतो. लोड म्हणून एक जुनी डिस्क लावलीय. मीटर पिवळ्या वायरवर ठेवला तर १२ व्होल्टच्या आसपास हवेत, ११.४ ते १२.६ च्या आत. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. इथे दोन्ही आकडे ठीक आहेत. एवढ्यावरून एसएमपीएस शंभर टक्के चांगला आहे असं म्हणता येत नाही, कारण पूर्ण लोडवर तो मान टाकू शकतो. पण संशय आता बोर्डावर जातो.

बोर्डावर प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा प्लग असतो, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरींचा. तो काढून बटण दाबलं तर पंखा फिरतच राहिला. तो लावला की लगेच बंद. म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतोय. दादांनी वीज तोडून बोर्डावरच्या त्या चार पिनांमध्ये रोध मोजला, तो शून्याच्या जवळ आला. प्रोसेसर काढून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. शॉर्ट बोर्डातच आहे.

[दृश्य: अगदी जवळून. सॉकेटच्या बाजूला ओळीने बसवलेले काळे चौकोनी मॉस्फेट.]

हा पाहा. या मॉस्फेटच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा फोड आलाय आणि कडेचा सोल्डर काळवंडलाय. बारा व्होल्टचे साधारण एक व्होल्ट करून प्रोसेसरला देणं हे याचं काम. हा बदलता येतो. पण याच्यासोबत शेजारचे आणि त्यांना चालवणारी चिप गेलीय का, हे बदलल्यावरच कळतं. इतक्या जुन्या बोर्डावर तेवढी मजुरी घालणं ताईंना परवडणारं नाही आणि माझ्या मते योग्यही नाही. बोर्ड गेला, असं धरून पुढे जाऊ.

[दृश्य: कापडाने पुसून ठेवलेला प्रोसेसर, बाजूला दोन रॅम.]

प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. याच्या पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरच्या खाली फक्त सोनेरी ठिपके. त्यांना बोट लावायचं नाही. पण पुसून चकचकीत झाला म्हणजे तो चांगला आहे असं होत नाही. मॉस्फेट शॉर्ट होताना बारा व्होल्ट थेट प्रोसेसरपर्यंत गेलेले असू शकतात. म्हणून तो दुकानातल्या चालू बोर्डावर बसवून पाहिला. सुरू झाला, तासभर भार देऊनही बंद पडला नाही. त्यानंतरच तो विकण्याच्या खोक्यात गेला.

रॅमचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच घासले. मग एका वेळी एकच रॅम लावून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला, किमान एक पूर्ण फेरी. एक जरी चूक आली तरी ती रॅम विकायची नाही. अशी रॅम मशीन सुरू करते, विंडोज चढवते आणि पंधरा दिवसांनी घेणाऱ्याची फाइल बिघडवते. इथे दोन्हींच्या फेऱ्या शून्य चुकांवर संपल्या.

या भागांना गिऱ्हाईक आहे का? आहे. याच सॉकेटच्या बोर्डांवर चालणारी मशीन अजून दुकानांत, क्लासेसमध्ये आहेत. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडवर जुन्या भागांची चौकशी करता येते. मात्र घेणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलमध्ये त्यासाठी आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सवर तो मजेत चालेल. हे लपवून विकलेला भाग आठवड्यात परत येतो.

[दृश्य: हार्ड डिस्क. तिच्यावरचा अनुक्रमांक वाचणारं बोट.]

आता डिस्क. मला या टेबलावरची सगळ्यात मोठी काळजी हिचीच वाटते. ताईंच्या अशिलांची पॅन कार्डं, बँकेची विवरणं, सह्यांचे स्कॅन, सगळं हिच्यात आहे.

"फॉरमॅट मारलंय मी," ताई म्हणतात.

"ताई, ते झटपट फॉरमॅट. त्यात अनुक्रमणिका फाडली जाते, पुस्तकाची पानं तशीच राहतात. मी तुमच्यासमोरच पुसतो, डिस्क मागे ठेवून घेत नाही."

ताईंनी लागणाऱ्या फाइल्स आधीच काढून घेतल्यात. दादा डिस्क लिनक्सच्या मशीनला जोडतात आणि पहिली आज्ञा फक्त ओळख पटवण्यासाठी देतात. चुकीच्या डिस्कचं नाव टाइप झालं तर दुकानाचीच डिस्क कोरी होईल. म्हणून पडद्यावरचा अनुक्रमांक लेबलवरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहायचा. इथे ती sdb निघाली, तुमच्या मशीनवर नाव वेगळं असू शकतं.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
sudo smartctl -a /dev/sdb
sudo shred -v -n 0 -z /dev/sdb
sudo cmp /dev/sdb /dev/zero
```

दुसऱ्या आज्ञेने डिस्कची तब्येत कळते. त्यात Reallocated_Sector_Ct आणि Current_Pending_Sector या दोन ओळींचे शेवटचे आकडे शून्य हवेत. पहिला वाढलेला असेल तर डिस्कने खराब जागा सोडून द्यायला सुरुवात केलीय. दुसरा असेल तर काही जागा वाचताच येत नाहीयेत. अशी डिस्क विकू नये, फुकटही देऊ नये. कुणीतरी तिच्यात घरचे फोटो ठेवेल.

तिसरी आज्ञा डिस्कच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत शून्य लिहिते. फिरत्या डिस्कला अशी एक फेरी पुरते, सात-सात वेळा पुसायची गरज नाही. ५०० जीबीला दीड ते दोन तास धरा. चौथी आज्ञा डिस्क पुन्हा वाचून सगळं शून्यच आहे का ते पाहते. शेवटी EOF on /dev/sdb अशी ओळ आली तर डिस्क कोरी आहे. differ हा शब्द दिसला तर काहीतरी उरलंय. एसएसडीला मात्र ही रीत लागू नाही. तिच्यात राखीव जागा असते, वरून लिहिलेलं तिथे पोचत नाही. तिच्यासाठी तिच्या आतलीच सिक्युअर इरेज आज्ञा वापरावी लागते.

आणि डिस्क सुरूच होत नसेल तर? मग पुसता येणार नाही, उघडावी लागेल. साडेतीन इंची डिस्कच्या झाकणाला बहुधा टी-८ टॉर्क्स स्क्रू असतात. एक हमखास लेबलखाली लपलेला असतो, झाकण निघत नसेल तर तिथे बोटाने चाचपा. आतल्या तबकड्या काढून वाकवा किंवा त्यांना ड्रिलने भोकं पाडा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये तबकड्या बहुधा काचेच्या असतात, त्यांचा चुरा उडतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच. हातात दोन निओडिमियम चुंबक उरतात. पत्र्याच्या कामात, सांडलेले स्क्रू गोळा करायला ते फार उपयोगी, पण दोघांच्या मधे बोट सापडलं तर रक्त साकळतं.

[दृश्य: एसएमपीएस बाजूला ठेवला जातो. त्याचे स्क्रू तसेच.]

एसएमपीएस आम्ही उघडत नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. हा बिनब्रँडचा, दहा वर्षं चाललेला. आज आकडे ठीक असले तरी दुसऱ्याच्या मशीनला लावायला देणं मला पटत नाही. त्याची मेन कॉर्ड, साटा केबल, कॅबिनेटचा पंखा आणि मूठभर स्क्रू कामाला येतात, ते काढून घेतले. कॅबिनेटचा रिकामा पत्रा भंगारवाल्याला द्यायला काहीच हरकत नाही.

बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल आधी काढायचा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवायचा, कारण हा लिथियमचा आहे. धातूला लागून शॉर्ट झाला तर तापतो. लहान मुलांच्या हाती तर मुळीच नको, गिळला तर अन्ननलिका भाजते.

[दृश्य: मेलेला बोर्ड आणि एसएमपीएस, पुठ्ठ्याच्या खोक्यात.]

उरला बोर्ड. त्यावर सोनं आहे हे खरं, पण ते पिनांवरच्या पातळ थरात. ते काढायला कुणी आम्लाच्या बादलीत बोर्ड बुडवतो आणि ती बादली शेवटी गटारात रिकामी होते. वायरींचं तांबं सुटावं म्हणून त्या मोकळ्या मैदानात जाळल्या जातात. वायरींवरचा पीव्हीसी जळाला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन हवेत जातात. जुन्या पेंटियम फोरच्या काळातल्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये तर शिसंही आहे. म्हणून बोर्ड फोडायचा नाही, त्यावरचे भाग ओरबाडायचे नाहीत. अख्खा द्यायचा.

कुणाला? ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. माल न्यायला आलेल्या माणसाला नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यावरचं नाव आणि पत्ता पोर्टलवरच्या नोंदीशी जुळतो का, ते पाहा. तो नुसता गोळा करणारा असेल तर माल पुढे कुठल्या नोंदणीकृत कारखान्यात जातो, ते विचारा. एका बोर्डासाठी सहसा कुणी गाडी पाठवत नाही. दादांनी म्हणूनच दुकानात मोठं खोकं ठेवलंय आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनाही तसंच करायला सांगितलंय. खोकी भरली की एकाच फेरीत माल जातो. बोर्ड, एसएमपीएस आणि मेलेल्या डिस्क त्यात जातात, सेल मात्र वेगळ्या डब्यात.

"पावती घ्यायची," दादा ताईंना सांगतात. "तारीख, वजन, काय काय दिलं ते आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. डिस्क दिली असेल तर तिचा अनुक्रमांकही लिहून घ्या. उद्या एखाद्या अशिलानं विचारलं, माझे कागद होते ते मशीन कुठे गेलं, तर दाखवायला हा कागद पाहिजे."