सगळ्यांना दरमहा पैसे दिले तर?

नमस्कार मंडळी. आज विषय आहे बेसिक इन्कमचा. म्हणजे सरकारने प्रत्येक माणसाला, गरीब असो की बंगलेवाला, दर महिन्याला ठराविक रक्कम द्यायची, कसलीही अट न घालता. ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, फुकट पैसे मिळाले तर लोक काम कशाला करतील? त्याचं उत्तर शोधायला असा प्रयोग झालेल्या फिनलंडला जायची गरज नाहीये, इंदूरपर्यंत गेलं तरी पुरतं.

2011 मध्ये सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशातून इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत हे करून बघितलं. मोठ्या माणसाला महिना 200 रुपये आणि लहान मुलाला 100, मुलाचे पैसे आईच्या हातात. म्हणजे आजी, नवरा-बायको आणि तीन पोरं असं घर असेल तर महिन्याला 900 रुपये. वर्षभराने रक्कम 300 आणि 150 केली. शेजारच्या बारा गावांना काहीच दिलं नाही, नुसती तुलना करायला. आणि महत्त्वाचं म्हणजे रेशन वगैरे जे मिळत होतं त्याला हात लावला नाही, हे पैसे वरचे.

झालं काय, तर लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच्या तुकड्यावर राबायला लागले कारण आता बियाणं-खताला हातात थोडे पैसे होते आणि त्यासाठी सावकाराकडे जायला नको. काहींनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, मुलांची वजनं सुधारली. आणि दारूवर उधळतील ही जी भीती होती ना, तसं काही दिसलं नाही.

आता बाजूने बोलणारे इथेच थांबतात, पण मला वाटतं खरी गंमत पुढे आहे. अशा प्रयोगात पैसे द्यायची बाजू तपासली जाते, गोळा करायची नाही. पैसा बाहेरून आला, गावात कुणाचा टॅक्स वाढला नाही, कुठली योजना बंद पडली नाही, आणि दीडेक वर्षात हे संपणार हे लोकांना माहीत होतं. कायमचं मिळणार म्हटलं की माणूस कसा वागेल ते यातून कळत नाही. शिवाय आठ गावांत पैसे आले म्हणून बाजारात भाव चढत नाहीत, देशभर आले तर काय होईल हा वेगळाच प्रश्न आहे.

आणि पैसे आणायचे कुठून? 2016-17 च्या आर्थिक पाहणीत सरकारचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी यावर अख्खं प्रकरण लिहिलं. माणशी वर्षाला 7620 रुपये, म्हणजे महिन्याला 635. तेही 75 टक्के लोकांनाच धरलं तरी खर्च जीडीपीच्या 4.9 टक्के. मग वरचे 25 टक्के वगळायचे कसे, तर गाडी आणि एसी असलेले बाजूला काढा अशीही एक सूचना त्यात होती. अहो पण मग "सगळ्यांना" कुठे राहिलं? पुन्हा यादी आली, कागदपत्रं आली, यादीतून चुकून गळलेली विधवा आली. आपली लाडकी बहीणच बघा ना, महिना 1500, पण वय 21 ते 65, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, चारचाकी नको, मग छाननी, मग ई-केवायसी. सगळ्यांना द्या म्हणणाऱ्यांचा सगळ्यात पक्का मुद्दा मला हाच वाटतो, की श्रीमंताला चुकून गेलेले पैसे टॅक्समधून परत घेता येतात पण गाळलेल्या माणसाला शोधून कोण आणतं?

विरोधकांचा पक्का मुद्दा मात्र रांचीजवळच्या नगडी भागातून येतो. तिथे 2017 मध्ये रेशनची सबसिडी खात्यात टाकायला सुरुवात केली. पूर्वी एक रुपया किलोने तांदूळ मिळायचा, आता आधी बँकेतून पैसे काढा आणि मग दुकानात सुमारे 32 रुपये किलोने घ्या. त्यात पैसे जमा झाले की नाही हे बघायलाच हेलपाटे, बँकेत रांग, मजुरी बुडाली ती वेगळी. लोक मोर्चा घेऊन रांचीला गेले आणि 2018 मध्ये सरकारला ते गुंडाळावं लागलं. इंदूरला पैसे रेशनच्या वर होते आणि नगडीत तांदळाच्या जागी, हाच तर फरक. तांदूळ महागला तरी कार्डावरचे किलो तेवढेच राहतात हो, पण 635 रुपयांत किती किलो येतात ते दरवर्षी बदलतं.

म्हणून कुणी बेसिक इन्कमची घोषणा केली तर मी रक्कम नंतर बघेन. आधी विचारेन की त्याच्या बदल्यात काय बंद करताय, आणि महागाईबरोबर रक्कम वाढेल हे कायद्यात लिहिताय का. रेशन काढून घेणार असाल तर माझा विरोध आहे, खतांवरच्या सबसिडीतून किंवा मोठ्या करसवलतींतून पैसा काढणार असाल तर बोलायला बसू, फक्त तिथे हात घालायला कुठलं सरकार धजावेल हे मला अजून तरी दिसत नाहीये.